हॉर्न ऐकला होता, बाबा!

संध्याकाळचे साडेसहा वाजले की माझा हात आपोआप फोनकडे जायचा. धाकट्या लेकीची ऑफिसातून सुटायची ती वेळ. "निघालीस का?" हा पहिला फोन आणि पंधरा मिनिटांनी "कुठवर आलीस?" हा दुसरा. निवृत्त माणसाला दिवसभरात जी दोन-चार नेमाची कामं असतात, त्यांतलं हे एक. ती फोन उचलायची, बोलायची, आणि मागून रिक्षांचे, बसचे आवाज ऐकू आले की मला उलट बरं वाटायचं. म्हणजे निघाली आहे, वाटेवर आहे. गाडी चालवताना ती फोन कसा उचलते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. हेल्मेटच्या आत, स्कार्फच्या खाली, डाव्या कानात तिचा तो शेंगदाण्याएवढा इयरफोन असायचा. हात दोन्ही हँडलवर. "बाबा, फोन हातात नसतो रे, काळजी करू नकोस," असं तिनंच एकदा सांगितलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी नात्यातलं लग्न होतं. बायको दागिने काढायला बसली, तर लॉकरची किल्ली सापडेना. मी सवयीप्रमाणे फोन लावला. "अगं, लॉकरची किल्ली कुठं ठेवलीस?"

"थांब हं, बाबा... माझ्या खोलीतलं कपाट आहे ना, त्याच्या मधल्या खणात... नाही, खालच्या. साड्यांच्या मागं एक निळा डबा..."

पुढचं वाक्य आलं नाही. पत्रा घासल्यासारखा एक आवाज आला, मग काहीतरी आपटल्याचा, आणि मग नुसती रहदारी. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. बऱ्याच वेळानं कुणीतरी अनोळखी माणूस दुसऱ्या कुणाला म्हणाला, "यांचा फोन चालू आहे बघा." तेवढ्या वेळात मी काय काय पाहिलं, ते सांगत बसत नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायची गरज नाही.

थोडक्यात निभावलं. खांद्याजवळचं हाड मोडलं, गुडघे सोलले, हेल्मेटच्या उजव्या बाजूला पंजाएवढा ओरखडा उठला. तो ओरखडा हेल्मेटवर उठला, हे आमचं नशीब. ज्याच्या मोटरसायकलचा धक्का लागला तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगाही रुग्णालयात आला होता. त्याचंही कोपर फुटलं होतं. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "काका, मी दोनदा हॉर्न दिला हो. दोनदा दिला."

मला वाटलं, स्वतःची बाजू सावरतोय. पण पलंगावर पडलेली लेक म्हणाली, "खरं आहे त्याचं. हॉर्न ऐकला होता, बाबा. पण तो माझ्यासाठी आहे असं वाटलंच नाही."

या वाक्यानं माझी झोप घालवली. ऐकू आलं नाही असं ती म्हणाली असती तर प्रश्न सोपा होता. कान बंद होता, हॉर्न ऐकू आला नाही, संपलं. पण हॉर्न ऐकू आला होता. एक कान मोकळा होता. दोन्ही हात हँडलवर होते. डोळे रस्त्यावर होते. दारू नाही, वेग नाही, पाऊस नाही. मग नेमकं चुकलं काय?

मी तीसहून अधिक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आठवीच्या मुलांना ध्वनीचं प्रकरण किती वेळा शिकवलं असेल त्याची गणती नाही. तेव्हा ठरवलं, की या वाक्याचा अर्थ लावल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

*चार सेकंद*

तिचा खांदा बरा होत असताना आम्ही दोघांनी त्या संध्याकाळचा हिशेब कागदावर मांडला. त्या मुलालाही घरी बोलावलं, चहा पाजला, त्याच्याकडून त्याची बाजू ऐकली. चित्र असं तयार झालं.

ती पौड रस्त्यानं कोथरूडकडे येत होती. वेग पस्तीस-चाळीसचा. आपण हिशेबाला सोपा म्हणून ताशी ३६ किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. पुढं डाव्या कडेला पाण्याच्या जारचा एक टेम्पो थांबला होता. त्याला वळसा घालायला तिला उजवीकडं सरकायचं होतं. मोटरसायकल मागून, थोडी उजवीकडून, ताशी ५० च्या आसपास येत होती, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. त्या मुलाला टेम्पो दिसला, ही स्कूटर आता उजवीकडं येणार हेही त्यानं ओळखलं, आणि पंधराएक मीटर मागं असताना त्यानं पहिला हॉर्न दिला. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला ४ मीटरचा. म्हणजे पहिल्या हॉर्नपासून टक्कर होईपर्यंत जवळजवळ चार सेकंद होते.

चार सेकंद ही लहान गोष्ट नाही. उजव्या आरशात एक नजर टाकायला अर्धा सेकंद पुरतो. त्या चार सेकंदांत तिनं एकदा आरसा पाहिला असता तर ती टेम्पोच्या मागं थोडी थांबली असती, तो पुढं गेला असता, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी लग्नात जिलबी खाल्ली असती.

"तू ब्रेक का नाही मारलास?" मी त्या मुलाला विचारलं. त्यानं दिलेलं उत्तर मला मोलाचं वाटतं. तो म्हणाला, "काका, हॉर्न दिला ना. मला वाटलं, त्यांना कळलं."

आपल्या रस्त्यांवर हॉर्न ही एक भाषा आहे. ती फार बोलली जाते, विनाकारण बोलली जाते, हे खरं. पण तिचा मूळ अर्थ "मी इथं आहे" एवढाच असतो. हॉर्न देणारा माणूस पुढच्याचे कान हजर आहेत असं गृहीत धरून आपली गाडी चालवत असतो. कानात इयरफोन घालणारा हे गृहीत मोडतो, आणि ते मोडल्याचं मागच्याला कळायला काही मार्ग नसतो. स्कार्फ आणि हेल्मेट यांच्याखाली काय आहे ते मागून कसं दिसणार?

*एका कानाचं गणित*

"पण मी एकाच कानात घालते," हे लेकीचं म्हणणं होतं. हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल, कदाचित केलाही असेल. एक कान फोनला, एक कान रस्त्याला. ऐकायला वाजवी वाटतं. पण कान दोन असण्याचं कारण एक बिघडला तर दुसरा असावा, एवढंच नसतं.

घरात मुलं असतील तर आज दुपारीच एक प्रयोग करून पाहा. एकाला खोलीच्या मधोमध डोळे बांधून बसवा. बाकीच्यांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभं राहून, एका वेळी एकानं, टाळी वाजवायची. बसलेल्यानं आवाजाच्या दिशेला बोट दाखवायचं. बहुतेक वेळा बोट बरोबर दिशेला जाईल. आता त्याच्या डाव्या कानात कापसाचा बोळा घट्ट बसवून वर तळहात दाबून धरायला सांगा आणि पुन्हा टाळ्या वाजवा. टाळी ऐकू प्रत्येक वेळी येईल, पण बोट चुकायला लागेल, आणि बरेचदा उजवीकडंच वळेल.

कारण सरळ आहे. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त किती? एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक भागसुद्धा नाही. सुमारे पाऊण भागापेक्षाही कमी. शिवाय मध्ये डोकं आल्यामुळं लांबच्या कानाला आवाज थोडा क्षीण पोचतो. या दोन बारीक फरकांवरून मेंदू दिशा काढतो, आणि आपल्याला काही कष्ट केल्याचं जाणवतही नाही. मागचा-पुढचा भेद करायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. एक कान बुजवला की तुलना करायला दुसरी बाजूच उरत नाही. मग सगळे आवाज मोकळ्या कानाच्या बाजूनं आल्यासारखे वाटू लागतात.

आता लेकीच्या वाक्याचा अर्धा अर्थ लागला. डाव्या कानात मी होतो. उजवा मोकळा होता. ऑफिसातून निघाल्यापासून रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न, डावीकडचा, मागचा, पलीकडच्या लेनमधला, तिला उजवीकडूनच येत होता. जेव्हा खरोखर उजव्या मागच्या बाजूनं एक हॉर्न आला, तेव्हा तो त्या गर्दीतला आणखी एक ठरला. ऐकू आला, पण "माझ्यासाठी" नव्हता. हॉर्न कुणासाठी आहे हे आपण त्याच्या दिशेवरून ठरवतो, आणि दिशाच हरवली होती.

दोन्ही कान बंद असतील तर गोष्ट याच्या पुढं जाते. गाड्यांच्या हॉर्नचा आवाज किती असावा याचं आपल्याकडं बंधन आहे: साडेसात मीटरवरून मोजला तर ९३ ते ११२ डेसिबल. मधला १०० धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे १५ मीटरवर ९४, ३० वर ८८, आणि ६० मीटरवर ८२. कानात घट्ट बसणारं रबराचं टोक असलेला इयरफोन साधारण २० डेसिबल अडवतो. वीस हा आकडा लहान दिसतो, पण डेसिबलच्या मोजणीत वीसनं उतरणं म्हणजे आवाजाची ऊर्जा शंभरावा हिस्सा उरणं. साठ मीटरवरच्या गाडीचा हॉर्न कानाच्या आत पोचेतो ६२ उरला, आणि आत गाणं ८० वर वाजतंय. तो हॉर्न गाण्यातल्या तबल्याखाली कुठंतरी विरून जाणार. त्यातून हल्ली बाहेरचा आवाज पुसून टाकणारे इयरफोन आले आहेत. ते बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलट लहर तयार करून त्याला खोडतात. एकसुरी, खालच्या पट्टीची घरघर ते सगळ्यात चांगली पुसतात. विमानात हे वरदान आहे. पण रस्त्यावर खालच्या पट्टीची घरघर म्हणजे काय? मागून जवळ येणाऱ्या ट्रकचं इंजिन.

इथं पुणेकर वाचक एक शंका काढणारच, कारण आपण ती वर्षानुवर्षं काढत आलो आहोत: "मग हेल्मेटनंही ऐकू येत नाहीच की!" हेल्मेट थोडा आवाज अडवतं, हे मान्य. पण ते दोन्ही कानांना सारखंच झाकतं, कानाच्या भोकात बूच बसवत नाही, आणि मुख्य म्हणजे आत दुसरा आवाज ओतत नाही. ज्या डोक्यावर तो ओरखडा उठला नाही, त्या डोक्याच्या बापाला या विषयावर वाद घालण्यात आता रस राहिलेला नाही.

*निळा डबा*

इथवर आल्यावर मला वाटलं, की झालं, उलगडलं. दोष इयरफोनच्या बुचाचा. कान मोकळे ठेवून बोललं, म्हणजे हेल्मेटातल्या किंवा गाडीतल्या स्पीकरवरून, तर प्रश्न मिटला. तेव्हा लेकीनंच मला अडवलं. ती म्हणाली, "बाबा, पण मग ठार बहिऱ्या माणसांना लायसन्स कसं मिळतं?"

प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडं बधिर व्यक्तींच्या वाहन परवान्याचा प्रश्न २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढं आला होता, आणि पुढं २०१६ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं बधिरपणामुळं परवाना नाकारू नये असं राज्यांना कळवलं. ज्याला काहीच ऐकू येत नाही तो माणूस गाडी चालवू शकतो. मग एका कानात बोळा घातलेल्या माझ्या लेकीला ती का चालवता आली नाही?

उत्तर असं, की बधिर माणसाचे कान बंद असतात, पण मन रिकामं असतं. कानांची उणीव तो डोळ्यांनी भरून काढतो. आरशात पुन्हा पुन्हा पाहतो, मान वळवतो. माझ्या लेकीचं मन त्या चार सेकंदांत पौड रस्त्यावर नव्हतंच. ते आमच्या घरी, तिच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात, साड्यांच्या मागं होतं. मीच तिला तिथं पाठवलं होतं.

हे मी बापाच्या हळवेपणानं म्हणत नाही. स्पेनमधल्या रेकार्ते आणि नुनेस या दोन मानसशास्त्रज्ञांनी खऱ्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांच्या नजरेची हालचाल मोजली. त्यांचे निष्कर्ष २००० आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चालवणाऱ्याला डोक्यात करायची कामं दिली होती. काही नुसत्या शब्दांची, काही मनात चित्र उभं करून सांगायची. दोन्ही वेळा नजर आक्रसली. माणूस समोरच्या एका लहान चौकटीत पाहत राहिला आणि आरशांकडं व वेगाच्या काट्याकडं जाणारी नजर कमी झाली. मनात चित्र उभं करायचं काम असेल तेव्हा हे अधिक प्रकर्षानं झालं.

"किल्ली कुठं ठेवलीस?" हा प्रश्न नेमका त्या जातीचा आहे. त्याचं उत्तर शब्दांत येत असलं तरी ते द्यायला डोळ्यांपुढं कपाट आणावं लागतं, खण उघडावा लागतो. बाहेर पाहण्यासाठी आणि आत पाहण्यासाठी आपल्याकडं लक्ष एकच असतं. निळा डबा दिसायला लागला आणि उजवा आरसा दिसेनासा झाला.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांचे सहकारी हाच विषय गेली पंचवीस वर्षं अभ्यासत आहेत. त्यांच्या २००१ च्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांच्या हातून सिग्नल सुटण्याचं प्रमाण दुपटीहून वाढलं. आणि फोन हातात धरलेले व हात मोकळे असलेले, यांच्यात फरक आढळला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. ही दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाडीत हळू आवाजात गाणं लावणारा प्रत्येक जण गुन्हेगार नव्हे. गाणं उत्तर मागत नाही. संभाषण मागतं. त्यामुळं इयरफोनवरचं गाणं मुख्यतः कान घेतं, आणि इयरफोनवरचा फोन कान आणि मन दोन्ही घेतो.

"मग शेजारी बसलेल्याशी बोललेलं कसं चालतं?" हा पुढचा प्रश्न. याचंही उत्तर त्याच प्रयोगशाळेनं २००८ मध्ये शोधलं. चालवणाऱ्यांना काही मैलांवरच्या एका फाट्यावर बाहेर पडायला सांगितलं होतं. शेजारी माणूस बसवून बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण बरोबर वळले. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे फाटा सोडून पुढं निघून गेले. कारण शेजारच्यालाही रस्ता दिसत असतो. समोर ट्रक आला की तो वाक्य अर्धं सोडतो, "अरे, इथं वळायचंय ना?" असं म्हणतो. माझी बायको स्कूटरवर मागं बसून घरचे सगळे हिशेब करते, पण चौक आला की तिचं बोलणं आपोआप थांबतं. फोनवरच्या माणसाला चौक दिसत नाही. मला टेम्पो दिसत नव्हता. दिसत असता तर मी किल्लीचं नाव काढलं असतं का?

म्हणूनच लक्ष विचलित होण्याचे जे प्रकार रस्ता-सुरक्षेची माणसं सांगतात, म्हणजे डोळा हटणं, हात हटणं, कान हटणं आणि मन हटणं, त्यांत इयरफोनची गणना होते. फोन हातात धरणाऱ्याचे पहिले दोन तरी उघड दिसतात. इयरफोनवाल्याचे मागचे दोन कुणालाच दिसत नाहीत. त्याला स्वतःलाही नाही. तो सरळ बसलेला असतो, समोर पाहत असतो, आणि आपण नीट चालवतोय अशी त्याची खात्री असते.

दिसत नसलं तरी ओळखता येतं. फोनवर बोलत जाणारी स्कूटर रस्त्याच्या मधोमध, ना हळू ना जोरात, अशी चालते. हिरवा दिवा लागला तरी क्षणभर हलत नाही. तिचा वेग बोलण्याच्या ओघाबरोबर कमी-जास्त होतो. आणि स्वतःसाठीची खूण आणखी सोपी आहे: घरी पोचल्यावर वाटेतला शेवटचा सिग्नल लाल होता की हिरवा, हे आठवून पाहा. आठवत नसेल तर तो तुम्ही पाहिलाच नव्हता.

फोन ठेवल्याबरोबर मन परत येतं, असंही नाही. युटाच्या याच मंडळींनी २०१५ मध्ये गाड्यांमधल्या तोंडी हुकूम ऐकणाऱ्या यंत्रणा तपासल्या. त्यातल्या सर्वांत वाईट यंत्रणेचा परिणाम काम संपल्यावरही २७ सेकंदांपर्यंत टिकलेला आढळला. माझ्या लेकीच्या वेगानं २७ सेकंद म्हणजे २७० मीटर. म्हणून "पटकन उचलते, एक मिनिट बोलते आणि ठेवते" यात फारसा अर्थ नाही.

*कायदा आणि घर*

मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. धोकादायक चालवणं म्हणजे काय, याच्या यादीत गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे स्पष्ट शब्दांत आलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "हातात धरायचं" या शब्दांमुळंच लोकांना वाटतं, की हात मोकळे म्हणजे आपण सुटलो. पण त्याच यादीत, सक्षम आणि काळजीपूर्वक चालवणाऱ्याकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाचं, उघडपणे धोक्याचं चालवणं हेही आहे. फ्रान्सनं १ जुलै २०१५ पासून शंकेला जागाच ठेवली नाही: मोटार असो, दुचाकी असो वा सायकल, चालवताना कानात इयरफोन नको. एका कानातसुद्धा नको.

कायद्याची आठवण आपल्याला मोठा अपघात झाला की होते. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरजवळ एका बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेची व्हॅन गाडीखाली सापडली आणि १३ मुलं गेली. चालकाच्या कानात इयरफोन होते असं प्राथमिक माहितीवरून त्याच दिवशी सांगण्यात आलं. पुढं रेल्वेनं ब्रॉडगेज मार्गांवरची बिनफाटकाची क्रॉसिंग्ज बंद केली, हे चांगलंच झालं. पण फाटक रुळांना बसवता येतं. कानाला ते ज्याचं त्यानं बसवायचं.

आमच्या घरानं आपल्यापुरतं बसवलं. लेक आता फोन स्कूटरच्या डिकीत टाकून निघते. गाडी चालवतेय असा निरोप फोन आपोआप पाठवतो. नव्या ठिकाणी जायचं असेल तर निघण्याआधी नकाशा पाहून दोन-तीन खुणा लक्षात ठेवते, आणि चुकलीच तर कडेला थांबून पुन्हा पाहते. चार मिनिटं जास्त लागतात. पोचली की एक मिस्ड कॉल देते.

पण हे तिचं झालं. या गोष्टीत गुन्हा, जर त्याला गुन्हा म्हणायचं असेल, तर निम्मा माझा होता. इयरफोन तिच्या कानात होता, पण त्यातून बोलत मी होतो. वाहतुकीच्या कुठल्याही नियमात फोन करणाऱ्याला दंड नाही. घरी आरामखुर्चीत बसून, पंख्याखाली, काळजीपोटी फोन लावणारे आपण आईवडील, नवरे, बायका, या सगळ्यात आपला काही संबंध आहे असं आपल्याला वाटत नाही. "कुठवर आलीस?" या प्रश्नाला मायेचा वास असतो, आणि माणसं मायेच्या फोनला नाही म्हणत नाहीत. म्हणून तर ती उचलतात.

आता मी कुणालाही फोन लावला की पहिला प्रश्न विचारतो, "गाडीवर आहेस का?" "हो" असं उत्तर आलं की दुसरा शब्द न बोलता ठेवून देतो. सुरुवातीला नातेवाईकांना राग यायचा. एका भाच्याला वाटलं, मामा रुसले. रुसू देत. आणि साडेसहा ते सात या वेळात मी माझा फोन आतल्या खोलीत ठेवतो.

तो अर्धा तास अजूनही लांबच वाटतो. गॅलरीत उभा राहतो. खालून स्कूटर जातात, हॉर्न वाजतात, आणि शिकवणीतल्या जुन्या सवयीनं मी डोळे मिटून प्रत्येक हॉर्न कुठून आला ते ओळखत बसतो. मग आत टेबलावर फोन एकदाच वाजतो आणि थांबतो. मी तो उचलत नाही. उचलायचा नसतोच.

किल्ली निळ्या डब्यात नव्हती, हे सांगायचं राहिलं. ती बायकोच्या पर्समध्येच निघाली.